दार उचलून लावा : आपलं गाणं परक्याच्या ओठी कसं जातं

मंडळी, आज आठवण कमी आणि मत जास्त लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

आपल्यातले पुष्कळ जण गाणी लिहितात. कोजागरीला, हळदीकुंकवाला, गणपतीतल्या कार्यक्रमाला, कुणाच्या साठीशांतीला. बडोद्यात काय, इंदुरात काय, बेळगावात काय, प्रत्येक मंडळात एक-दोन तरी वह्या अशा असतात की ज्यात चाल लावायला थांबलेली गाणी असतात. मी चाली लावतो, त्यामुळे त्या वह्या माझ्याकडे येतात. आणि त्या गाण्यांचा एक ठरलेला आजार आहे. एक तर गाणं इतकं घरचं असतं की बाहेरच्या माणसाला त्यात पाऊल ठेवायला जागा नसते. किंवा कुणी तरी जाणता माणूस सांगतो, "अहो, सगळ्यांना आपलं वाटेल असं करा," आणि मग गाणं इतकं सगळ्यांचं होतं की ते कुणाचंच राहत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाणं परक्याला आपलं वाटावं म्हणून त्यातला तपशील पुसायचा नसतो. तपशिलाला चिकटलेली ओळखपत्रं तेवढी काढायची असतात. नावं, सालं, पत्ते आणि कोण कुणाचा कोण हा हिशेब ही ओळखपत्रं. वस्तू, हात, आवाज आणि आपल्या गावचा शब्द हा खरा तपशील. पहिलं काढलं तर गाणं मोकळं होतं. दुसरं काढलं तर गाणं मरतं. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं, आणि त्यात आपल्या भागातली मराठीही जाते. म्हणून हे लिहितोय.

एक गाणं घेऊन सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

आमच्या एक चुलत वहिनी आहेत. माहेर बेळगावचं, लग्न होऊन बडोद्यात आल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वडील गेले, मग आई गेली आणि दोघा भावांनी माहेरचं घर विकायचं ठरवलं. वहिनींची सही लागणार होती, कागद टपालानं आले, यांनी सही करून पाठवले. भांडण झालं नाही. पण मनात राहिलं, आणि ते वहीत उतरलं. गाणं अष्टाक्षरी, म्हणजे ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. त्यांचे परवानगीनं पहिली दोन कडवी देतो :

शहापूरच्या गल्लीत
बाबांनी बांधलं घर,
सत्त्याऐंशी साली त्यांनी
कर्ज घेतलं त्यावर.

दादा राहिले पुण्यात,
अण्णा गेला हुबळीला,
माझी सही मागवून
सौदा दोघांनीच केला.

मात्रेत, अक्षरांत कुठे चूक नाही. खोटं तर एक अक्षर नाही. वहिनींनी हे चार जणींत वाचून दाखवलं तेव्हा काय झालं ते महत्त्वाचं आहे. बायकांनी प्रश्न विचारले. दादा म्हणजे थोरले का? अण्णा हुबळीला काय करतो? तुमचा वाटा मिळाला ना नीट? एकीनं तर शहापुरात आता जागेला काय भाव आहे तेही विचारलं. गाणं ऐकून माणसं चौकशी करायला लागली की समजावं, गाण्यात माहिती फार आहे. ऐकणारा त्या घरात शिरलाच नाही, दारातून आत डोकावून बघतोय. त्याला गोष्ट कळली, पण ती दुसऱ्याची गोष्ट म्हणून कळली.

मग मंडळातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं ते गाणं सुधारून दिलं. हेतू चांगलाच होता. नावं गेली, गाव गेलं, साल गेलं, आणि हे उरलं :

आठवणींचं ते घर
मनामध्ये राही सदा;
डोळ्यांमध्ये येतं पाणी
आठवता एकेकदा.

हे ऐकून सगळे "छान आहे" म्हणाले आणि पुढच्या गाण्याकडे वळले. कुणी काही विचारलं नाही, आणि कुणी स्वतःचंही काही सांगितलं नाही. यात चूक काय ते नीट बघू. "आठवणींचं घर" यात आठवण एकही नाही, आठवण हा नुसता शब्द आहे. डोळ्यांत पाणी ऐकणाऱ्याच्या यायला हवं, इथे ते गाण्यातच आणून ठेवलं आहे. आता ऐकणाऱ्याला करायला काही उरलं नाही. आणि गंमत म्हणजे, सगळ्यांचं व्हावं म्हणून केलेलं हे गाणं वहिनींनाही आपलं वाटेना. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यात माझं घर कुठाय?"

इथे वही माझ्याकडे आली. मी करतो ते काम फार मोठं नाही, पण ते क्रमानं करावं लागतं.

आधी पहिल्या लिखाणातल्या प्रत्येक तपशिलाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि एकच प्रश्न विचारायचा : हे कळायला ऐकणाऱ्याला खुलासा लागतो का? शहापूर हा बेळगावचा भाग, हे बडोदेकराला सांगावं लागतं. सत्त्याऐंशी साल का महत्त्वाचं, ते सांगावं लागतं. दादा, अण्णा यांतलं कोण थोरलं, कोण कुठे का गेलं, ते सांगावं लागतं. सही का मागवली ते तर वारसाहक्काचं प्रकरण आहे. म्हणजे दोन कडव्यांत जवळजवळ सगळाच तपशील खुलासा मागणारा. गाणं वाचायचं असतं तर एक वेळ चाललं असतं, माणूस थांबून विचार करतो, मागे जातो. गायलेली ओळ चार-पाच सेकंदांत निघून जाते. त्या वेळात ऐकणारा एक तर नातं जुळवत बसेल किंवा ऐकेल. दोन्ही होत नाही.

दुसरा प्रश्न : या तपशिलात कुणाच्या शरीराला काही काम आहे का? हात, पाय, कान, नाक, काहीही. साल आणि पत्ता हे डोक्यानं कळतात. पण समजा ओळीत कुणी विहिरीचा दोर ओढतंय, तर ज्यानं आयुष्यात एकदा तरी दोर ओढला त्याच्या तळहाताला ते कळतं. विहीर कुठल्या गावची, हा प्रश्न त्याला पडत नाही. हाताला पत्ता लागत नाही.

वहिनींच्या दोन कडव्यांत असा तपशील एकही नव्हता. आणि हे नेहमीचंच आहे बरं का. खरा तपशील वहीत सहसा नसतोच. लिहायला बसलं की माणूस महत्त्वाचं काय ते लिहितो : कुणी बांधलं, कधी विकलं, कुणी विचारलं नाही. हाताला माहीत असलेल्या गोष्टी त्याला लिहिण्याजोग्या वाटत नाहीत. त्या बोलताना निघतात. म्हणून मी वही मिटली आणि विचारलं, "वहिनी, शेवटची किल्ली तुम्हीच दिलीत ना नव्या मालकाला? काय बोललात तेव्हा?"

त्या म्हणाल्या, "काय बोलणार? भाऊ गाडीत बसले होते. मी म्हटलं, दार जरा उचलून लावा हं, खाली घासतं. पावसात फुगतं ते. एवढंच."

बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना ते फुगलेलं दार लगेच दिसेल. बिजागरी सैल झालेली, फळी ओली, खाली फरशीवर अर्ध्या चंद्रासारखी घासल्याची खूण. पण ज्यांनी बेळगाव पाहिलंच नाही त्यांच्याही घरात असं एक दार, एक खिडकी, एक कडी असतेच की जिची खोड फक्त घरच्यांना माहीत असते. घर आपलं असणं म्हणजे दुसरं काय? त्याच्या खोडी माहीत असणं. आणि घर विकणं म्हणजे त्या खोडी परक्याला सांगून टाकणं. वहिनींच्या त्या एका वाक्यात सगळं गाणं होतं. शिवाय "उचलून लावा दार" मोजून बघा, आठ अक्षरं भरतात.

मग गाणं असं झालं. शब्द त्यांचेच, मी अक्षरं मोजायला आणि चालीला होतो :

उचलून लावा दार,
खाली जरासं घासतं;
आत निजलेलं कुणी
आवाजानं जागं होतं.

कढीलिंबाला कुंपण
नका घालू एवढ्यात;
शेजारची अक्का येते
न पुसता परसात.

थांबले जर दाराशी,
पाणी तेवढं मागेन;
ओळख नका विचारू,
तांब्या ठेवून निघेन.

आता काय बदललं ते एकेक बघू.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे गाणं कुणाशी बोलतंय. पहिल्या लिखाणात ते भावांबद्दल, पण जगाला उद्देशून होतं. ऐकणारा आपोआप पंच झाला होता, कोण बरोबर, कोण चूक ठरवणारा. आता ते घराच्या नव्या मालकाशी बोलतं. नवा मालक कोण, हे गाण्यात नाही, असायची गरजही नाही. ऐकणाऱ्याला दोन जागा मोकळ्या मिळतात. तो सांगणारीच्या जागी उभा राहू शकतो, आणि ज्याला सांगितलं जातंय त्याच्याही. आपण सगळेच कधी ना कधी दुसऱ्याच्या सोडलेल्या घरात राहायला गेलो आहोत. खाजगी गाणं मोकळं करायला शब्द बदलण्याआधी "कुणाला सांगतोय" हे बदलून बघावं, अर्धं काम तिथेच होतं.

दुसरं, निजलेलं कुणी. वहिनींच्या मनात ती आई होती, शेवटची वर्षं अंथरुणाला खिळलेली. "निजलेली आई" लिहिलं असतं तर वाईट झालं नसतं, पण मग घर फक्त आई गेलेल्यांचं उरलं असतं. "कुणी" म्हटल्यावर कुणाला तान्हं मूल दिसतं, कुणाला रात्रपाळी करून झोपलेला बाप दिसतो. इथे "कुणी" चालतं याचं कारण बाजूला दार, घासणं, आवाज हे सगळं घट्ट आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एका कडव्यात एकच गोष्ट सैल सोडायची, बाकीच्या घट्ट ठेवायच्या. सगळंच सैल सोडलं की "आठवणींचं घर" होतं. आणि सगळंच घट्ट केलं, म्हणजे सागवानी दार, डावी बिजागरी, दुसरा खिळा, की सुताराचं बिल होतं.

तिसरं, धृवपदाची जागा. भावगीतात धृवपद प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतं. म्हणजे इथे ते तीनदा ऐकू येणार. जो तपशील सगळ्यात जास्त लोकांच्या हाताला कळतो तो तिथे ठेवायचा, आणि जो आपल्याच गावचा आहे, जरा अनोळखी आहे, तो अंतऱ्यात. ऐकणारा दाराला रुळला की अक्कालाही घरात घेतो. शिवाय तेच धृवपद दर वेळी वेगळं होतं. पहिल्यांदा ती नुसती सूचना असते. अक्कानंतर आलं की त्यात घरचा वावर ऐकू येतो. आणि तांब्या ठेवून ती निघाल्यावर तिसऱ्यांदा "उचलून लावा दार" येतं, तेव्हा ते दार तिच्या पाठीमागे लागतं. हा अर्थ कुणी लिहिला नाही, जागेनं आणला. म्हणून चाल लावताना तिसऱ्या वेळी तबला थांबवून ती ओळ नुसत्या पेटीवर ठेवली, एवढंच माझं काम.

आता अक्काकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

गाणं बसवताना सूचना आली की अक्काची काकू करा. दोन्ही दोन अक्षरी, अक्षरं बिघडत नाहीत, आणि पुण्या-मुंबईकडच्यांना पटकन कळेल. शिवाय "न पुसता" हे चुकीचं वाटतं, पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं, तेव्हा "न विचारता" करा.

मी दोन्हीला नाही म्हटलं. "न विचारता परसात" नऊ अक्षरं होतात हे एक कारण आहेच, पण ते दुय्यम. बेळगाव-कोल्हापूरकडे पुसणं म्हणजे विचारणं, जुन्या मराठीतही तेच. आणि अक्का ही कन्नड शेजारीण आहे. त्या घराच्या भिंतीपलीकडे दुसरी भाषा राहते, ती न पुसता आत येते, पानं घेऊन जाते, आणि नव्या मालकानं तिला अडवू नये म्हणून जुनी मालकीण रदबदली करतेय. सीमाभागातल्या घराबद्दल आणखी काय सांगायचं? बाहेर पाट्यांवरून काहीही चाललेलं असो, परसातला व्यवहार हा असा होता. हे सगळं एका शब्दात बसलंय. काकू केली की ती कुठल्याही मराठी शहरातली कुठलीही शेजारीण होते आणि ती भिंतच जाते.

आणि अक्का कळायला खुलासा लागतो का? आपला पहिला प्रश्न लावून बघा. शेजारची आहे, परसात येते, कढीलिंब नेते. ओळीतल्या कामावरून ती कोण ते कळतं. शब्द परका असला तरी त्याचं काम ओळखीचं असेल तर ऐकणारा अडत नाही. "शहापूर" अडवतं, कारण त्या ओळीत शहापूर काही करत नाही, नुसतं असतं. "अक्का" अडवत नाही, कारण ती चालत आत येते. म्हणून मी म्हणतो, गाणं सर्वांचं करणं आणि गाणं पुण्याचं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दुसऱ्यालाच पहिलं समजतात. इंदूरवाला आपलं इंदुरी, बडोदेकर आपलं बडोदी, गोवेकर आपलं गोव्याकडचं काढून टाकतो आणि म्हणतो, आता सगळ्यांना कळेल. कळतं खरं, पण कळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. मुलाला राघू म्हणायचं, मुलीला मैना, भावाला बंधू. नाव घालायचंच असलं तर त्याची ओवीत ठरलेली जागा असते. एका बाईनं तिथे आपल्या भावाचं नाव, आपलं गाव घातलं, दुसरीनं तीच ओवी घेतली आणि आपलं घातलं. नाव हे असं पाटावर मांडलेलं, उचलता येणारं. पण ओवीतली गोष्ट, म्हणजे भाऊ न्यायला येतो, दारात घोडा बांधतो, बहीण धावत बाहेर येते, ती कुणी हलवत नाही. म्हणूनच एकीचं दुःख दुसरीच्या दळणात चाललं. आपण उलट करतो, नावं ठेवतो आणि घोडा काढून टाकतो.

मग गावाचं, सालाचं करायचं काय? ती फेकायची नाहीत. त्यांना गाण्याबाहेर जागा द्यायची. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कविता काढून बघा. पुष्कळ कवितांच्या खाली राग, स्थळ, तारीख छापलेली आहे. कविता कुठे, कधी झाली हे ज्याला हवं त्याला मिळतं. ज्याला नको तो वरची कविता घेऊन जातो आणि गातो. वहिनींच्या गाण्यालाही आम्ही तसंच केलं. निवेदनात एक वाक्य : "हे गाणं बेळगावच्या शहापुरातल्या एका घराचं आहे." बस्स. भाऊ नाहीत, कर्ज नाही, सही नाही.

यावर वहिनींनी जो प्रश्न विचारला तो सोपा नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाणं चांगलं झालं. पण मला न पुसता सगळं झालं, ते कुठं गेलं यात? ते काढायलाच लिहायला बसले होते मी."

प्रश्न रास्त आहे. खाजगी गोष्ट मोकळी करताना कधी कधी माणसाची तक्रारच काढून घेतली जाते, आणि घरातल्या बाईची तक्रार तर सगळ्यांना आधीच नको असते. पण मला वाटतं ती गेलेली नाही. "न पुसता" हा शब्द बघा. पहिल्या लिखाणात तो भावांसाठी मनात होता. गाण्यात तो अक्काकडे गेला, पण अर्थ फिरवून : शेजारीण न पुसता आली तर चालेल, तिला येऊ द्या. आणि शेवटी स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून "ओळख नका विचारू" असं कोण म्हणेल? जिचा हक्क त्या घरावरून पुसला गेला तीच. (इथे मात्र पुसणं म्हणजे फडक्याचंच.) तक्रार आता आरोप करत नाही, तांब्या खाली ठेवते. भाऊ समोर बसून ऐकतील तर त्यांना कळेल, परक्याला आपापली कळेल. वहिनींनी ऐकून घेतलं. पहिली दोन कडवी त्यांनी वहीत तशीच ठेवली आहेत आणि ठेवावीतच. वहीत जे चालतं ते सगळं मंचावर यावं असं नाही, आणि मंचावर येत नाही म्हणून ते खोटंही नाही. हयात माणसांची नावं घेऊन घरचा सौदा माईकवरून गायला तर नंतर दिवाळीला कोण कुणाकडे जाणार, हाही विचार आहेच.

हे सगळीकडे लागू नाही, तेही सांगतो. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, घरचं डोहाळजेवण, इथे गाणं त्याच माणसासाठी असतं. तिथे नाव, साल, टोपणनाव, सगळं भरभरून घाला. ऐकणारे सगळे घरचेच, कुणाला खुलासा लागत नाही. तसंच जिथे गावाचं नाव हाच मुद्दा आहे, मोर्चाचं गाणं, सीमाप्रश्नाचं गाणं, तिथे बेळगाव काढून "आपुला गाव" केलंत तर गाण्याचा कणाच जाईल. आधी ठरवायचं : हे गाणं कुणाच्या ओठी जायचं आहे?

जमलं की नाही हे ओळखायची खूण मात्र एकच आहे आणि ती टाळ्यांत नसते. कोजागरीला गाणं झालं. दूध वाटताना ग्वाल्हेरकडचे एक गृहस्थ आले आणि लष्करातल्या वाड्याच्या जिन्याबद्दल बोलत राहिले, कुठली पायरी टाळून चढायची ते. एक गुजराती शेजारी होते, मराठी कामापुरती. ते म्हणाले, "आमच्या दुकानाचं शटर. पायानं ढकलून, मग हातानं. दुकान विकलं तेव्हा नव्या माणसाला हेच सांगितलेलं." त्यांचं तर घरही नव्हतं, दार लाकडी नव्हतं. पण हात तोच होता. वहिनींना त्या रात्री भावांबद्दल कुणीही विचारलं नाही.

लोक आपली चौकशी करू लागले तर तपशील खाजगी राहिलाय. लोक "छान" म्हणून गप्प झाले तर तपशील उरलाच नाही. लोक स्वतःचं सांगायला लागले की गाणं पोचलं.

हल्ली हे गाणं दोन-तीन कार्यक्रमांत इतरांनी गायलं. एका काकांनी "थांबले"चं "थांबलो" केलं, अक्षरं तेवढीच राहतात, कुठे अडलं नाही. अक्काला मात्र कुणी हात लावला नाही. तुमच्याकडे म्हणणार असाल तर चाल कळवतो, शेजारणीला तुमच्याकडे जे म्हणत असतील ते घाला, पण ते तुमच्याच गल्लीतलं घाला. आणि शेवटचं धृवपद हळू घ्या.